बंद पाळणा आणि चालू करार

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यानंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू विभागाला आग लागली आणि तेथील सतरा बालकांपैकी दहा दगावली. चौकशीत आगीचा उगम एका रेडियंट वॉर्मरच्या, म्हणजे नवजात बालकाला ऊब देणाऱ्या पाळण्याच्या, नियंत्रण भागापर्यंत नेण्यात आला. त्याच वर्षी २३ एप्रिलच्या पहाटे विरार येथील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातही आग भडकली. तिचा संबंध वातानुकूलन यंत्राशी जोडला गेला. दोन्ही दुर्घटनांनंतर अग्निशमनाच्या व्यवस्थेची, विजेच्या तारांची आणि अधिकाऱ्यांच्या जबाबदारीची पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु प्रत्येक यंत्रामागे कपाटातील एका फाईलमध्ये जो कागद असतो, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तो कागद म्हणजे वार्षिक देखभालीचा करार होय.

भंडारा आणि विरार येथील करारांत काय लिहिले होते, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. तो तपास यंत्रणेचा आणि न्यायालयाचा प्रांत आहे. प्रश्न त्याहून साधा आहे. रुग्णालय दरवर्षी देखभालीचे पैसे मोजते तेव्हा ते नेमके काय विकत घेते? यंत्र चालू राहण्याची हमी, की कोणीतरी येऊन यंत्र पाहून जाण्याची हमी? या दोन गोष्टी एकच आहेत असे समजून सह्या करण्याचा प्रघात आपल्याकडे पडून गेला आहे.

हा फरक जिल्ह्याच्या गावी फारसा जाणवत नाही, कारण तेथे एक यंत्र बंद पडले तर शेजारी दुसरे असते. तो जाणवतो जिल्ह्याच्या टोकाला. तुमसरहून उत्तरेकडे, गोबरवाहीच्या पुढे, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव आहे. खाण भूमिगत आहे, उन्हाळा विदर्भाचा आहे आणि यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ बहुधा नागपूरहून यावयाचा आहे. अशा गावाला सेवा देणाऱ्या एखाद्या लहान दवाखान्याच्या प्रसूतिगृहात एकच पाळणा आहे अशी कल्पना करावी. सरकारी व्यवस्थेतही प्राथमिक केंद्राच्या प्रसूतिगृहात नवजात बालकासाठी जो कोपरा राखलेला असतो, त्याचा सारा भार अशाच एका पाळण्यावर असतो. तो बंद पडला तर ओल्या अंगाच्या बालकाला कपड्यात आणि आईच्या छातीशी गुंडाळून तुमसरच्या रस्त्याला लावणे एवढाच मार्ग उरतो.

या पाळण्याची रचना फार गुंतागुंतीची नाही. वर उष्णता देणारी कांडी आणि तिच्यामागे परावर्तक, खाली गादी, बाजूला नियंत्रणाची पेटी, आणि बालकाच्या पोटावर चिकटवावयाचा एक बारीक तारेचा तापमापक असतो. या तापमापकाला सगळे तंत्रज्ञ आणि परिचारिका प्रोब असे म्हणतात. बालकाच्या त्वचेचे तापमान प्रोब पेटीला कळवतो आणि त्यावरून कांडी किती तापवावयाची हे पेटी ठरवते. बालकाचे शरीर साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप असतो. प्रोब सैल झाला किंवा आतून तुटला की पेटी फसते. बालक गार आहे असे समजून ती कांडी तापवीत राहते किंवा, नशीब बरे असेल तर, धोक्याचा आवाज देऊन थांबते. पाळण्याचा सर्वात नाजूक, सर्वात जास्त हाताळला जाणारा आणि म्हणूनच सर्वात लवकर बिघडणारा भाग हा प्रोबच होय.

आता कराराकडे वळावे. व्यवहारात त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात तंत्रज्ञाची मजुरी आणि ठरलेल्या भेटी एवढेच येते. सुटा भाग लागला तर त्याचे पैसे निराळे. दुसऱ्याला सर्वसमावेशक करार म्हणतात आणि त्यात सुटे भागही येतात. साहजिकच दुसऱ्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास असतो आणि नाव ऐकूनच घेणाऱ्याला निर्धास्त वाटते. परंतु सर्वसमावेशक कराराच्या शेवटच्या पानावर, बहुधा बारीक अक्षरात, वगळलेल्या बाबींची यादी असते. झिजणारे व वापरात संपणारे भाग, बॅटरी, दिवे, काच, रबर आणि प्लास्टिकच्या वस्तू, तारा व जोडण्या आणि सर्व प्रकारचे प्रोब. म्हणजे पाळण्याचा जो भाग वर्षातून एकदोनदा हमखास जावयाचा, नेमका तोच या सर्वसमावेशकतेच्या बाहेर राहतो.

यात विक्रेत्याची केवळ लबाडी आहे असे मानण्याचे कारण नाही. विम्याचे तत्त्व हेच सांगते की, जे नुकसान क्वचित आणि अनपेक्षित होते त्याचाच भार अनेकांत वाटून घेता येतो. जे नुकसान दरवर्षी होणारच आहे, त्याला विमा देणे म्हणजे तीच रक्कम हप्त्याच्या रूपाने आगाऊ गोळा करणे, आणि वर आपला नफा व कचेरीचा खर्च चढविणे. प्रोब करारात घातला असता तर कराराचा दर तेवढ्यानेच वाढला असता. दोष वगळण्यात नाही. दोष आहे तो, वगळलेल्या वस्तूची तरतूद दुसरीकडे कोठेही न करण्यात.

हे एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. समजा पाळण्याची किंमत ८०,००० रुपये आहे. मजुरीचा करार किमतीच्या ३ टक्क्यांनी मिळतो आणि सर्वसमावेशक करार ६ टक्क्यांनी. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर पहिला २,८३२ रुपयांना पडतो आणि दुसरा ५,६६४ रुपयांना. फरक २,८३२ रुपयांचा. या फरकाच्या मोबदल्यात मिळते काय, तर मुख्यतः नियंत्रणाच्या पेटीतील पट्टी आणि तापणारी कांडी. पट्टीची किंमत १२,००० रुपये धरली आणि ती पाच वर्षांत एकदा जाते असे मानले, तर वर्षाकाठी सरासरी २,४०० रुपये झाले. कांडीचे थोडे त्यात मिळविले की फरकाची भरपाई होऊन जाते. इथवर सर्वसमावेशक करार ना फार महाग, ना फार स्वस्त. पण प्रोबची किंमत २,५०० रुपये असेल आणि वर्षाला दोन लागत असतील, तर ते ५,००० रुपये या सगळ्याच्या बाहेर आहेत. पाळणा चालविण्याचा खरा वार्षिक खर्च ५,६६४ नव्हे, तर १०,६६४ रुपये आहे. ज्या दवाखान्याने आपल्या अंदाजपत्रकात फक्त कराराची रक्कम मांडली, त्याने निम्माच खर्च मांडला. मग जुलै महिन्यात प्रोब तुटतो, तंत्रज्ञ येऊन हा भाग करारात नाही असे लिहून जातो, प्रोबसाठी मागणीपत्र वर पाठविले जाते आणि अडीच हजारांच्या एका तारेपायी ऐंशी हजारांचे यंत्र झाकून ठेवले जाते. करार चालू असतो. पाळणा बंद असतो.

वगळलेल्या बाबींत आणखी एक कलम असते आणि ग्रामीण विदर्भात ते प्रोबपेक्षाही महाग पडते. विजेच्या दाबातील चढउतार, वीज कोसळणे, पाणी शिरणे, उंदरांनी तारा कुरतडणे आणि गैरवापर यांमुळे झालेले नुकसान कराराबाहेर, असे हे कलम सांगते. आपल्या घरी व दवाखान्यात वीज २३० व्होल्टने यावी असा दंडक आहे. रोहित्रापासून लांब, ओळीच्या शेवटी असलेल्या गावात संध्याकाळी तो दाब किती खाली जातो आणि मध्यरात्री पंप बंद झाले की किती वर उसळी घेतो, हे तेथील प्रत्येक गृहिणीला पंख्यावरून कळते. नियंत्रणाची पट्टी जळली की तंत्रज्ञ आपल्या भेटपत्रकावर जास्त दाबामुळे जळाली असे तीन शब्द लिहितो, परिचारिका खाली सही करते, आणि सर्वसमावेशक कराराचा मुख्य लाभ त्या तीन शब्दांत संपतो. दाब खरोखर वाढला होता की पट्टीच मुळात सदोष होती, हे सिद्ध करण्याचे साधन दवाखान्यापाशी नसते. ज्याला दुरुस्तीचा खर्च सोसावा लागणार, तोच बिघाडाचे कारणही ठरविणार, अशी ही व्यवस्था आहे. वादी आणि न्यायाधीश एकच असल्यावर निकाल काय लागावयाचा, हे निराळे सांगणे नको.

यावर उपाय खर्चिक नाही. पाळण्याला आणि वातानुकूलन यंत्राला दाब स्थिर ठेवणारे उपकरण जोडावे आणि ते विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडून मान्य करून घेऊन त्याचा क्रमांक करारातच लिहून घ्यावा. उपकरण जोडलेले व चालू असताना पट्टी जळाल्यास ती करारात मोडेल, असे एक वाक्य त्याखाली घालावे. विक्रेते हे वाक्य सहसा नाकारीत नाहीत, पण ते आपणहून घालतही नाहीत.

आता भेटींकडे. बहुतेक करारांत वर्षाला चार ठरलेल्या भेटी आणि बिघाड झाल्यास हव्या तेवढ्या, असे लिहिलेले असते. ठरलेल्या भेटीत काय करावयाचे हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. पाळण्याची खरी तपासणी करावयाची तर तो आधी तापू द्यावा लागतो. मग गादीवर स्वतंत्र, प्रमाणित तापमापक ठेवून पेटीवरचा आकडा आणि त्यावरचा आकडा ताडून पाहावा लागतो. प्रोब मुद्दाम काढून धोक्याचा आवाज होतो की नाही हे पाहावे लागते. परावर्तकावरची धूळ पुसावी लागते, आणि यंत्राच्या धातूच्या सांगाड्यातून जमिनीकडे जाणारी तार धड आहे की नाही, सांगाड्यावर वीज गळते की नाही, हे मोजावे लागते. तारेसह या जमिनीच्या जोडणीचा रोध ०.२ ओहमच्या आत असावा असा वैद्यकीय यंत्रांचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ही सारी कामे पाच मिनिटांत होत नाहीत.

भेट खरी झाली की नुसती सही झाली, हे ओळखण्यास अभियंता असावे लागत नाही. भेटपत्रकावर आकडे आहेत की नाहीत एवढे पाहावे. ठेवलेले तापमान किती, प्रत्यक्ष मोजलेले किती, जमिनीच्या जोडणीचा रोध किती, गळती किती, ज्या उपकरणाने हे मोजले त्याचे स्वतःचे प्रमाणीकरण कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे. पत्रकावर नुसते यंत्र चालू स्थितीत असे लिहिले असेल तर मोजमाप झालेले नाही. आणि चार तिमाहींच्या चार पत्रकांवर दशांश चिन्हापुढील आकडाही तोच असेल, तर ते पहिल्यावरून उतरवून काढलेले आहेत असे खुशाल समजावे. खरे मोजमाप कधीही दोनदा तंतोतंत सारखे येत नाही.

वातानुकूलन यंत्राच्या बाबतीत भेटीचे अर्थशास्त्र याहूनही गमतीचे आहे. या यंत्रातील गॅस संपत असतो असा सर्वत्र समज आहे. वस्तुतः तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि त्याने संपण्याचे काही कारण नाही. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळला. मजुरीच्या करारात गॅस वगळलेला असतो, म्हणजे दर वेळी तो भरण्याचे पैसे निराळे मिळतात. गळती शोधून, सांधा जोडून, नळ्या निर्वात करून मग गॅस भरणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. नुसता गॅस भरणे हे तासाभराचे. ज्या तंत्रज्ञाला दुसऱ्या कामाचे पैसे दर उन्हाळ्यात पुन्हा मिळणार आहेत, त्याने पहिले काम करावे ही अपेक्षा त्याच्या सद्गुणांवर फार भार टाकणारी आहे. एका वर्षात दोनदा गॅस भरल्याचे बिल आले, तर दुसरे बिल देण्यापूर्वी गळती कोठे होती हे लेखी विचारावे. यंत्र खरोखर बरे झाले की नाही, याची कसोटी साधी आहे. आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडावयास हवा. दोन साध्या तापमापकांनी कोणताही कर्मचारी हे पाहू शकतो.

भेटींची संख्या मोजण्याऐवजी यंत्र किती दिवस चालू राहिले हे मोजावे, असा विचार सरकारी यंत्रणेतही पुढे आलेला आहे. देशातील सरकारी रुग्णालयांतील यंत्रांची मोजदाद केली गेली तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रे बंद आढळली. त्यावरून केंद्र सरकारने २०१५ साली वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीची एक योजना आखली. प्रत्येक यंत्राचा निरनिराळा करार करण्याऐवजी राज्यातील सर्व यंत्रे एकाच सेवापुरवठादाराकडे सोपवावयाची, प्रत्येक यंत्रावर क्रमांक चिकटवावयाचा, तक्रारीसाठी एक दूरध्वनी ठेवावयाचा, आणि यंत्र ठरावीक टक्के काळ चालू न राहिल्यास पुरवठादाराला दंड करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. कल्पना निःसंशय चांगली होती. भेटीऐवजी परिणामाला पैसे देण्याचे हे पहिले मोठे पाऊल होय.

परंतु त्या योजनेतील टक्केवारी पाहावी. जिल्हा रुग्णालयात यंत्र ९५ टक्के काळ चालू राहावे, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के. वर्षाच्या ३६५ दिवसांवर हे पसरले तर जिल्हा रुग्णालयातील पाळणा सुमारे १८ दिवस बंद राहिला तरी चालतो, ग्रामीण रुग्णालयातील ३६ दिवस, आणि प्राथमिक केंद्रातील ७३ दिवस. जेथे एका पाळण्याशेजारी दहा पाळणे आहेत तेथे अठरा दिवस, आणि जेथे एकच आहे तेथे अडीच महिने. पुरवठादाराच्या बाजूने याचे समर्थन सहज समजण्याजोगे आहे. दूरच्या केंद्रात पोहोचण्यास वेळ लागतो, खर्च लागतो, आणि तेथेही ९५ टक्के मागितले असते तर दर वाढला असता. हे सर्व खरे असले, तरी रुग्णाच्या बाजूने पाहिले तर गणित उलटे आहे. बंद यंत्राची किंमत त्या यंत्राच्या मोलावर ठरत नाही, त्याला पर्याय किती जवळ आहे यावर ठरते. जिल्ह्याच्या टोकाला पर्याय सर्वात लांब असतो आणि तेथेच करार सर्वात सैल आहे.

टक्केवारीत आणखी एक मेख असते आणि ती खाजगी करारांतही आढळते. हे टक्के एकेका यंत्राचे मोजावयाचे की सर्व यंत्रांची सरासरी काढावयाची? एका रुग्णालयात वीस यंत्रे आहेत. एकोणीस वर्षभर उत्तम चालली आणि विसावे यंत्र १ एप्रिलला बंद पडून पुढील ३१ मार्चपर्यंत तसेच राहिले, तर सरासरी बरोबर ९५ टक्के भरते. दंड शून्य. ते विसावे यंत्र तोंड धुण्याच्या बेसिनवरचा दिवा आहे की प्राणवायू देणारे यंत्र, हे सरासरीला ठाऊक नसते. यास्तव करारात टक्के यंत्रागणिक मोजले जातील असे लिहून घ्यावे, आणि ज्या यंत्रावर जीव अवलंबून आहे त्यांची निराळी यादी जोडून त्यांच्यासाठी टक्क्यांऐवजी तास लिहावेत. बिघाड कळविल्यापासून इतक्या तासांत दुरुस्ती, नाहीतर तोवर तसेच दुसरे यंत्र आणून ठेवणे. एकच पाळणा असलेल्या ठिकाणी हे दुसरे यंत्र आणून ठेवण्याचे कलम साऱ्या सुट्या भागांच्या यादीपेक्षा मोलाचे आहे.

आणि हे घड्याळ सुरू केव्हा होते? यंत्र बंद पडते तेव्हा नव्हे, तक्रार नोंदली जाते तेव्हा. रात्रपाळीच्या परिचारिकेने सकाळी सांगितले, सकाळच्या परिचारिकेने औषधनिर्मात्याला सांगितले, त्याने साहेब आल्यावर सांगू म्हणून ठेवले, साहेब बैठकीला तुमसरला गेले होते. असे तीन दिवस कागदावर अस्तित्वातच येत नाहीत. नोंद झाली नाही तर यंत्र बंद नव्हते. पुष्कळ ठिकाणी तोंडी किंवा ओळखीच्या तंत्रज्ञाच्या भ्रमणध्वनीवर कळविण्याची सवय आहे. तो भला माणूस असतो आणि लवकर येतोही, पण त्या फोनचा करारात काही उपयोग होत नाही. तक्रारीचा क्रमांक मिळेपर्यंत तक्रार झालेली नाही, हे यंत्राच्या बाजूच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवण्यासारखे आहे.

शेवटी नूतनीकरण. करार बहुधा आर्थिक वर्षाबरोबर ३१ मार्चला संपतात. नव्या वर्षाचे अनुदान हाती येणे, दरपत्रके मागविणे, तुलनात्मक तक्ता करणे, मंजुरी मिळणे यांत एप्रिल आणि मे निघून जातात, कधी जूनही. म्हणजे विदर्भात जेव्हा तापमान ४५ अंशांच्या घरात जाते, वातानुकूलन यंत्रे चोवीस तास चालतात आणि विजेचा दाब सर्वात अस्थिर असतो, त्याच दोन-तीन महिन्यांत यंत्रे करारावाचून असतात. त्या काळात काही बिघडले तर दुरुस्ती बाजारभावाने. आणि जूनमध्ये करार करावयास गेले तर पुरवठादार म्हणतो की, करार खंडित झाला आहे, आधी यंत्रांची तपासणी करू, जी नादुरुस्त असतील ती तुमच्या खर्चाने चालू स्थितीत आणा, मग करार. त्याचेही म्हणणे चुकीचे नाही. आजारी पडल्यावर आयुर्विमा काढावयास आलेल्याला कोणती कंपनी पुढे ये म्हणेल?

ही खिंड बुजविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कराराचे वर्ष आर्थिक वर्षाशी न जोडता १ ऑक्टोबरला सुरू करणे, म्हणजे नूतनीकरणाची घालमेल पावसाळा संपताना, मागणी कमी असताना होईल. दुसरा मार्ग करारातच एक कलम घालण्याचा. मुदत संपल्यावरही नवा करार होईपर्यंत, जास्तीत जास्त तीन महिने, जुन्याच दराने व जुन्याच अटींवर सेवा चालू राहील. पहिल्या मार्गाला लेखाविभाग कुरकुर करील, कारण दोन आर्थिक वर्षांत खर्च विभागून दाखवावा लागतो. पण ती अडचण कारकुनी आहे.

दराचा प्रश्न मात्र नूतनीकरणाच्या वेळी सुटण्याजोगा राहिलेला नसतो. यंत्र विकत घेण्यापूर्वी पाच विक्रेते दारात उभे असतात. विकत घेतल्यावर एकच उरतो, कारण पट्टी त्याच्याकडेच मिळते आणि पेटीतील नियंत्रणाचा परवलीचा शब्दही त्यालाच ठाऊक असतो. म्हणून मोठ्या सरकारी खरेदीत हमीचा काळ संपल्यानंतरच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर निविदेतच मागतात आणि तो यंत्राच्या किमतीत मिळवून सर्वात स्वस्त कोण हे ठरवितात. यंत्र स्वस्त दाखवून देखभालीत वसूल करणारा विक्रेता अशा तुलनेत उघडा पडतो. लहान दवाखान्यालाही हे करता येते, त्यासाठी एका ओळीपलीकडे काही लागत नाही. त्याच ओळीत प्रोब, बॅटरी आणि कांडी यांचे पाच वर्षांचे दर लिहून घेतले, तर वगळलेल्या बाबींची अर्धी भीती तेथेच संपते.

पैसे केव्हा द्यावयाचे, यालाही महत्त्व आहे. संपूर्ण वर्षाची रक्कम एप्रिलमध्ये आगाऊ घेतली की पुरवठादाराला चौथ्या भेटीची घाई राहत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी हे ओळखले आहे. आगाऊ पैसे देऊ नयेत असा सर्वसाधारण नियम सांगून, वातानुकूलन यंत्रे, संगणक व इतर महागड्या उपकरणांच्या देखभाल करारांना त्यांनी अपवाद केला, परंतु त्या अपवादालाही सहा महिन्यांच्या रकमेची मर्यादा घातली. खाजगी दवाखान्यांना हा नियम बंधनकारक नाही, पण त्याहून चांगले करता येते. प्रत्येक तिमाहीच्या शेवटी, आकडे भरलेले भेटपत्रक पाहून, चौथा हिस्सा. प्रत्येक भेटीमागे पैसे अडकलेले असले की भेटपत्रकावरचे आकडे आपोआप भरले जाऊ लागतात.

टोकाच्या गावातील दवाखान्यापाशी एक अडचण मात्र कोणत्याही कलमाने जात नाही. एक पाळणा आणि दोन वातानुकूलन यंत्रे यांच्यासाठी नागपूरचा पुरवठादार कडक अटी मान्य करणार नाही. तो सरळ नाही म्हणेल. तुमसर तालुक्यातील खाणींची आरोग्यसेवा, खाजगी प्रसूतिगृहे आणि धर्मादाय दवाखाने यांनी आपापली यंत्रे एका यादीत आणून एकच करार केला, तर तीस-चाळीस यंत्रांसाठी तुमसरातच तंत्रज्ञ ठेवणे पुरवठादाराला परवडू शकेल, आणि प्रोबचा साठाही तेथेच राहील. साखर कारखाने, दूध संघ यांच्या बाबतीत महाराष्ट्राला सहकाराची सवय आहे. यंत्रांच्या देखभालीत ती अद्याप कोणी वापरून पाहिल्याचे दिसत नाही. तोवर प्रत्येक पाळण्यामागे दोन नवे प्रोब कपाटात ठेवणे आणि त्या कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या परिचारिकेकडे असणे, एवढे तरी या एप्रिलपूर्वी करता येण्यासारखे आहे.